घरच्या आरतीचा व्हिडिओ काढताना मुलांचे चेहरे कसे जपावेत

गेल्या गणपतीत आमच्या आरतीचा व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकला. पाठीमागून काढला होता, त्यामुळे मुलं ओळखू येणार नाहीत अशी माझी खात्री होती. रात्री शेजारच्या ताईंचा फोन आला. "अहो, आमची छकुली अगदी समोरून दिसतेय की त्यात!" व्हिडिओ पुन्हा लावला. 'घालीन लोटांगण' सुरू झालं आणि सगळी मुलं स्वतःभोवती गिरकी घेत थेट कॅमेऱ्याकडे वळली होती. मी तो लगेच काढून टाकला. या वर्षी मात्र आधीच विचार केला.

सर्वांत आधी विचारा. आपल्या मुलांचं आपण ठरवू शकतो, पण शेजारचं किंवा बहिणीचं मूल रांगेत उभं असेल तर त्याच्या आईवडिलांना आरतीपूर्वीच विचारावं. "व्हिडिओ काढू का?" एवढंच पुरत नाही. तो घरच्या ग्रुपवर जाणार की सगळ्यांना दिसेल असा टाकणार, तेही सांगावं, कारण पहिल्याला हो म्हणणारे दुसऱ्याला नाही म्हणू शकतात. सात-आठ वर्षांच्या मुलालाही विचारावं. नको म्हणालं तर त्याला कॅमेऱ्यामागे उभं करून घंटा द्यावी.

मग फोनची जागा. चेहरा नंतर पुसण्यापेक्षा मुळात न टिपणं कितीतरी सोपं. मुलांच्या मागे, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर फोन स्टँडला लावा आणि मखराकडे रोखा. मूर्ती, निरांजन, टाळ वाजवणारे हात, डोक्यांच्या पाठी एवढंच दिसू द्या. आता मखराशेजारी काचेचं शोकेस किंवा आरसा आहे का पाहा, कारण पाठमोऱ्या मुलांचे चेहरे त्यात स्वच्छ दिसतात. त्यावर एखादी शाल टाकली की काम झालं. 'घालीन लोटांगण' सुरू व्हायच्या आत रेकॉर्डिंग थांबवा, किंवा फोन खाली वळवून फक्त पावलं घ्या. आरतीचं ताट फिरतं तेव्हा आणि प्रसाद वाटतानाही मुलं वळतात, तो भाग घेऊच नका.

आवाजाकडे आपलं लक्षच नसतं. "अमुक, टाळ हळू वाजव" असं आजी म्हणते आणि नाव रेकॉर्ड होतं. गुरुजींच्या संकल्पात तर गोत्र आणि नावही येतं. संकल्प टिपू नये, आणि हाक ऐकू आली तर तेवढे सेकंद कापावेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशनही बंद करा, नाहीतर फाइलमध्ये घराचा ठावठिकाणा राहतो.

इतकं करूनही चेहरा आलाच तर यूट्यूबची सोय आहे. संगणकावर YouTube Studio उघडून व्हिडिओ आधी `Private` म्हणून चढवा. मग `Content` मध्ये तो निवडून `Editor`, `Blur`, `Face blur` असं जा. सापडलेले चेहरे छोट्या चौकटींत दिसतात, हवे ते निवडून सेव्ह करा. मूल मान वळवतं तेव्हा तेच तोंड दोन-तीन चौकटींत वेगवेगळं येऊ शकतं, आणि अर्धवट वळलेलं सुटूही शकतं. सुटलेल्यासाठी `Custom blur` ने चौकोन ओढा. प्रक्रियेला बराच वेळ लागतो, तोवर `Private` बदलू नका. झाल्यावर हळू वेगाने एकदा पूर्ण पाहा. थंबनेलही तपासा, कारण तो तुम्ही वेगळा फोटो लावला असेल तर त्यातला चेहरा तसाच राहतो. व्हॉट्सॲपवर चेहऱ्यावर इमोजी चिकटवायचा मार्ग व्हिडिओत उपयोगी नाही, मूल हललं की इमोजी जागीच राहतो.

धूसर केल्यावर परका माणूस ओळखणार नाही, पण परकर-पोलकं आणि उंचीवरून ओळखीचे ओळखतीलच. म्हणून ज्या मुलाच्या घरच्यांनी नाही म्हटलंय त्याला धूसर करून भागवू नये, तो भाग कापावा.

शाळेच्या आषाढी दिंडीत तर गणवेश, खिशावरचं शाळेचं चिन्ह आणि गळ्यातलं ओळखपत्र मिळून मुलाचा पत्ताच सांगतात. तिथे डोक्यावरचं तुळशीवृंदावन आणि पताका मागून टिपाव्यात. निवेदनात विठ्ठल-रखुमाई झालेल्या मुलांची पूर्ण नावं घेतली जातात, ती व्हिडिओत नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. घरगुती वापराला त्यातून सूट आहे. शाळेचा जाहीर व्हिडिओ घरगुती म्हणता येत नाही. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या एका सहीवर विसंबू नये, कार्यक्रमागणिक पालकांना विचारावं.

पाठवताना `Unlisted` ला खासगी समजू नका. दुवा ज्याच्या हाती पडेल तो पाहतो आणि पुढेही पाठवतो. मोजक्या नातेवाइकांसाठी `Private` ठेवून त्यांचे ईमेल पत्ते जोडा. आणि फोनमधली मूळ, न कापलेली फाइल कुटुंबाच्या शेअर्ड अल्बममध्ये आपोआप गेली नाही ना, ते त्याच रात्री पाहून घ्या.