रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधून पहिला बॅकलॉग : दापोली किनाऱ्यावरील एका मच्छीमार सोसायटीचा प्रकल्प

बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून नव्याने काम सुरू करणाऱ्यांना किकऑफच्या वेळी बहुधा एक जाडजूड डॉक्युमेंट दिले जाते आणि आठवडाभरात त्यातून बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी, तयार करावा, अशी अपेक्षा असते. दापोली तालुक्यातील एका मच्छीमार सोसायटीच्या संगणकीकरणाच्या निमित्ताने हे काम मी केले. त्यातील एपिक, म्हणजे बॅकलॉगमधील आयटमचे मोठे गट, आणि रिलीज, म्हणजे एका वेळी वापरात द्यायचे टप्पे, ठरवण्याचा भाग येथे सविस्तर मांडतो.

डॉक्युमेंटमध्ये सभासद नोंदणी, होड्या, लिलाव, डिझेल, हिशेब आणि अहवाल अशी प्रकरणे होती. प्रत्येक प्रकरणाचे एक एपिक करणे सोपे असते, पण प्रकरणे ही लिहिणाऱ्याच्या सोयीने पाडलेली असतात. बंदरावरचे काम त्या क्रमाने चालत नाही. ‘अहवाल’ हे एपिक केले, तर ते कधीच पूर्ण होत नाही, कारण प्रत्येक नव्या कामाबरोबर त्यात एक अहवाल वाढतो. म्हणून होडी बंदराला लागल्यापासून नाखव्याच्या हाती पैसे पडेपर्यंतचा क्रम सोसायटीच्या कारकुनांकडून समजून घेतला आणि त्यातील टप्प्यांवरून एपिक पाडले : लिलावातील विक्रीची नोंद, नाखव्याचा हिशेब, व्यापाऱ्याकडील उधारीची वसुली, डिझेलचा पुरवठा व परतावा आणि सभासद-होड्यांची माहिती. अहवाल ज्या कामाचा, त्या एपिकमध्ये गेला.

त्यानंतर वाक्यावाक्याची फोड. ‘लिलावातील प्रत्येक व्यवहाराची नोंद घेऊन नाखव्याच्या खात्यात रक्कम जमा करावी व पावती द्यावी’ हे एक वाक्य डॉक्युमेंटमध्ये एकाच क्रमांकाखाली होते, पण त्यात निदान चार आयटम होते. होडी, मासळी, वजन किंवा टोपल्या, दर आणि व्यापारी यांची नोंद हा पहिला. सोसायटीचे कमिशन आणि आधी दिलेल्या बर्फ-डिझेलची उचल वजा करणे हा दुसरा. रक्कम खात्यात जमा करणे हा तिसरा आणि पावती हा चौथा. व्यापारी पैसे नंतर देत असेल, तर नाखव्याला ते लगेच कोणी द्यायचे, याचे उत्तर डॉक्युमेंटमध्ये नव्हते. अशा ठिकाणी स्वतः अंदाज बांधून स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेचे छोटे वर्णन, लिहू नये. प्रश्न हाच एक आयटम म्हणून, उत्तर देणाऱ्या माणसाच्या नावासह, बॅकलॉगमध्ये ठेवावा. प्रत्येक आयटमवर मूळ कलमाचा क्रमांकही लिहावा. सगळे आयटम लिहून झाल्यावर जे क्रमांक कोठेच आलेले नसतात, ती सुटलेली कलमे ठरतात. ज्या आयटमला क्रमांक नसतो, तो कोणाच्या सांगण्यावरून आला हे विचारता येते. झालेला सौदा रद्द करणे हा आमच्याकडील आयटम असाच, बिनक्रमांकाचा पण अगदी खरा होता.

‘नेटवर्क नसताना चालावे’ हे कलम मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्याचा स्वतंत्र आयटम करून तो शेवटी ठेवला, तर तोवर लिहिलेल्या नोंदीच्या पडद्यांचा पायाच बदलावा लागतो. आम्ही ते लिलावाच्या नोंदीच्या स्वीकृतीच्या अटींमध्ये घातले आणि बंदरावर फोनमधील नोंद नंतर सर्व्हरवर जाते की नाही, हे तपासण्याचे छोटे प्रायोगिक काम सर्वांत आधी धरले.

रिलीज ठरवताना ‘आधी सभासद नोंदणी पूर्ण, मग लिलाव’ असा आग्रह होतो, आणि वरवर तो योग्यही वाटतो. प्रत्यक्षात लिलावाला संपूर्ण नोंदणी लागत नाही. होड्यांची आणि नाखव्यांची यादी पुरते, आणि ती जुन्या रजिस्टरवरून एक्सेलमध्ये उतरवून भरता येते. त्यामुळे पहिल्या रिलीजमध्ये सभासद एपिकमधून ही यादी, लिलावातून साधी नोंद, हिशेबातून कमिशनची वजावट आणि पावती एवढेच घेतले. त्याची कसोटी अशी की, एका होडीची एका संध्याकाळची विक्री नोंदवून नाखव्याला पावती देता आली पाहिजे. एखाद्या एपिकचे सगळेच आयटम पहिल्या रिलीजमध्ये येत असतील, तर निवड झालेली नाही, असे खुशाल समजावे.

तारीख समुद्राने ठरवली. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि परंपरेने नारळी पौर्णिमेनंतरच हंगामाला खरा जोर येतो. म्हणून बंदीच्या काळात बांधणी आणि ऑगस्टच्या आरंभी, होड्या थोड्या असताना, कागदी रजिस्टरच्या जोडीने वापर, असे ठरले. उधारीची वसुली दुसऱ्या रिलीजमध्ये गेली, कारण विक्रीच्या नोंदी साठल्याशिवाय ती तपासता येत नाही. डिझेलच्या परताव्याचे एपिक आम्ही दोन-तीन ठोकळ ओळींतच ठेवले. सरकारी अर्जाचे नमुने हाती येण्याआधी त्याची बारीक फोड केली असती, तर ती बहुतेक पुन्हा लिहावी लागली असती.