गीझरची माहिती लिहिताना या चुका टाळा

नाशिकला थंडी पडली की मेनरोडवरच्या दुकानांतून गीझरचे फोटो आणि माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. माझ्या आतेभावाचं असंच दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने लिहिलं होतं: "१५ लिटर, २ केव्ही, ५ स्टार, आयएसआय मान्य." या एका ओळीवरून आठवडाभर फोन येत राहिले.

पहिली चूक 'केव्ही'. २ केव्ही म्हणजे दोन हजार व्होल्ट! लिहायचं होतं २ किलोवॅट, म्हणजे २००० वॅट. वॅटसोबत व्होल्टही लिहावं, कारण ते २००० वॅट गीझरच्या अंगावरच्या पाटीवर लिहिलेल्या २३० व्होल्टला मिळतात. तेव्हा करंट साधारण ८.७ अँपिअर जातो, म्हणून '१६ अँपिअरचं सॉकेट लागेल' हेही तिथेच सांगून टाकावं. नाहीतर लोक ६ अँपिअरच्या सॉकेटला गीझर जोडतात आणि प्लग वितळला की दुकानात येतात.

एका गिऱ्हाईकाची तक्रार होती, "पाणी तापायला फार वेळ लागतो, वॅट खोटे लिहिलेत." १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५० पर्यंत न्यायला २००० वॅटला सुमारे १८ मिनिटं लागतात. त्यांच्याकडे लागत होती २४. वायरमनने गीझर चालू ठेवून सॉकेटवर मीटर लावला, तर व्होल्टेज २०० भरलं. तेवढ्यावर तोच गीझर जेमतेम १५०० वॅटचा उरतो, कारण व्होल्टेज घटलं की वॅट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. पाटी खरीच होती.

'५ स्टार'चा अर्थ बहुतेकांना 'लवकर तापतो' असा वाटतो, विकणाऱ्यांनाही. गीझरचे स्टार तापलेलं पाणी नुसतं ठेवल्यावर २४ तासांत किती वीज वाया जाते त्यावर ठरतात. शिवाय ते त्या मॉडेलचे असतात. २५ लिटरचे स्टार १५ लिटरला चिकटवू नयेत. लेबलवरचा मॉडेल नंबर आणि कालावधी जसाच्या तसा उतरवावा.

'आयएसआय मान्य' हे शब्द कुणालाच तपासता येत नाहीत. खूण खरी असेल तर तिच्या वर मानकाचा क्रमांक असतो (साठवणीच्या गीझरला IS 2082) आणि खाली `CM/L-` ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो लिहावा. BIS Care अ‍ॅपमध्ये 'Verify Licence Details' मध्ये टाकला की कारखान्याचं नाव, माल आणि परवाना चालू आहे की संपलाय ते दिसतं. माल वेगळाच दिसला, समजा इस्त्री, तर लिहिणं थांबवून आधी वितरकाला विचारावं. आयएसओ ९००१ मात्र या जागी चालत नाही. ते कारखान्याच्या कारभाराचं प्रमाणपत्र आहे, गीझरचं नव्हे.

आता आतेभाऊ आधी पाटीचा फोटो काढतो, अक्षरं वाचता येतील असा. मजकूर त्यावरूनच लिहितो.