डेबियन बोलतच नाही? इन्स्टॉल करताना या चुका टाळा

गिरगावात राहणारा माझा मावसभाऊ पूर्णपणे दृष्टिहीन आहे. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम रोज वापरतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स स्वतःच टाकायचं त्याने ठरवलं. रविवारी सकाळी त्याचा फोन आला, "दादा, पेनड्राइव्ह लावून पाऊण तास झाला, हा एक अक्षर बोलत नाही."

लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह, दोन्ही ठीक होते. तो नेमकं काय काय दाबत होता ते मी विचारत गेलो, तेव्हा चुका सापडल्या.

पहिली चूक सुरुवातीच्या मेनूत झाली. डेबियनचा बूट मेनू तयार झाला की बीप वाजतो, जुन्या बायोस पद्धतीत एकदा आणि नव्या यूईएफआय पद्धतीत दोनदा. त्यानंतर फक्त `s` दाबायचं आणि एंटर, की बोलणारं इन्स्टॉलेशन सुरू होतं. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा बीप ऐकूच येत नाही, आणि गिरगावात रस्त्याकडेच्या खोलीत तर नाहीच. बीप आला नाही म्हणून भाऊ खालचा बाण दाबून चाचपडू लागला आणि तिथेच फसला. बायोसच्या मेनूत काहीही न दाबता थांबलं, तर 30 सेकंदांनी बोलणारं इन्स्टॉलेशन आपोआप सुरू होतं. एक जरी कळ दाबली तरी ती उलटी मोजणी थांबते आणि मेनू मुकाट बसून राहतो. बाण दाबल्यामुळे आपण कुठल्या ओळीवर आहोत हेही कळेनासं होतं. असं झालं तर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा, मिनिटभर हात लावू नका. तरीही आवाज नाही आला, तर मग `s` आणि एंटर.

त्याआधीचा एक टप्पा मात्र खरंच मुका आहे. पेनड्राइव्हवरून बूट करायला सांगणारा लॅपटॉपचा स्वतःचा मेनू बोलत नाही. तिथे एकदाच कोणा डोळस माणसाला बसवून यूएसबीला पहिला क्रम देऊन घ्या, म्हणजे पुढे दरवेळी कोणाला हाक मारावी लागत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. लॅपटॉपमध्ये एकाहून जास्त साउंड कार्डं सापडली, उदाहरणार्थ स्पीकरचं एक आणि एचडीएमआयचं एक, तर इन्स्टॉलर प्रत्येकावर आळीपाळीने बोलून बघतो. ज्यावर आवाज ऐकू येईल तिथे एंटर दाबायचा. एचडीएमआयची पाळी असताना स्पीकरमधून अर्थातच शांतता असते. भावाने त्याच शांततेत, अडकलं असेल म्हणून, एंटर दाबला. झालं, इन्स्टॉलर पुढे सगळं इमानदारीने एचडीएमआयकडे बोलत राहिला. पुन्हा सुरू केल्यावर मी त्याला सांगितलं, "आवाज कानावर पडेपर्यंत बोट उचलूनच ठेव." थोड्याच वेळात फोनमधून मलाही तो यंत्राचा आवाज ऐकू आला. कुठल्याच कार्डावर आवाज आला नाही, तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारं साधं यूएसबी साउंड कार्ड आणि हेडफोन लावून बघा.

पहिला प्रश्न, म्हणजे भाषेचा, इंग्रजीतच बोलला जातो. आवाज सुरुवातीला फार संथ असतो. कॅप्स लॉक दाबून ठेवून 6 दाबलं की वेग वाढतो, 5 ने कमी होतो. 2 ने आवाज मोठा, 1 ने लहान. पर्याय आकड्यांनी वाचले जातात, हवा तो आकडा टाइप करून एंटर द्यायचा. एनव्हीडीएच्या सवयीने बाण आणि टॅब वापरू नका.

अंधुक दिसणाऱ्यांची चूक वेगळी असते. अक्षरं मोठी करता येतात म्हणून ते ग्राफिकल इन्स्टॉल निवडतात आणि मग ते बोलेल याची वाट बघतात. बोलणं मजकुराच्या इन्स्टॉलरमध्ये असतं, मोठी अक्षरं ग्राफिकलमध्ये. ग्राफिकलमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षरं वाढतात, वजाच्या चिन्हाने घटतात. पण ते विंडोजच्या मॅग्निफायरसारखं भिंग नाही, फक्त अक्षरांचा आकार बदलतो. गडद रंगसंगतीचा पर्याय बूट मेनूत `d` वर आहे. डोळे लवकर थकत असतील तर माझं मत असं, की सरळ `s` घ्या. अर्ध्या वाटेत अडलात तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

डिस्क निवडताना भाऊ घाबरला होता, आणि ते बरोबरच होतं. यादीत पेनड्राइव्हही डिस्क म्हणूनच येतो. त्यामुळे आकडा टाइप करण्याआधी आकारमान ऐका: त्याच्याकडे एक होती 500 जीबीची, दुसरा 16 जीबीचा. ओळखायला एवढं पुरलं. शेवटी बदल डिस्कवर लिहू का, असा प्रश्न येतो. तिथे नुसता एंटर दाबला तर उत्तर 'नाही' असं धरलं जातं, म्हणून त्या जागी घाईत दाबलेल्या एंटरने काही पुसलं जात नाही. भावाने तो प्रश्न दोनदा ऐकला आणि मगच 'हो'चा आकडा टाकला.

`s` ने सुरुवात केली असेल तर बोलण्याची सोय नव्या सिस्टिममध्येही आपोआप बसते. दुपारी रीस्टार्ट झाल्यावर त्याने फोन स्पीकरजवळ धरला आणि लॅपटॉपचं बोलणं मला मुलुंडला ऐकवलं.