वाक्य बरोबर, पण चित्र पुढे गेलेलं: डबिंगच्या भाषांतरातल्या या चुका टाळा

प्रशिक्षणाच्या व्हिडिओंची मराठी स्क्रिप्ट तपासायला आली की मी आधी पहिली दोन मिनिटं मोठ्यानं वाचते, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. बहुतेक स्क्रिप्टा तिथेच अडकतात. भाषांतर चुकलेलं नसतं, ते मूळ वाक्याच्या वेळेत मावत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परिपत्रकाच्या मराठीत लिहिणं. ती मीही केली आहे. जुलाबावर घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करावं, याचा एक इंग्रजी व्हिडिओ होता. पडद्यावर बाई पातेल्यात पाणी घेते, मग मीठ घालते, मग साखर. पहिल्या वाक्याला तीन सेकंद होते. मी लिहिलं होतं, ‘सर्वप्रथम एका स्वच्छ भांड्यामध्ये एक लिटर पिण्यायोग्य स्वच्छ पाणी घेण्यात यावे.’ एकतीस अक्षरं. सावकाश, समजेल असं बोलताना मी सेकंदाला साधारण सहा अक्षरं धरते. म्हणजे तीन सेकंदांच्या जागेत पाच सेकंदांचं वाक्य कोंबलं होतं.

पुढचं वाक्य त्याहून वाईट होतं: ‘त्यामध्ये अर्धा सपाट चहाचा चमचा इतक्या प्रमाणात मीठ मिसळावे.’ मीठ हा शब्द शेवटाकडे. आधीच्या वाक्यानं झालेला उशीर त्यात मिळाला आणि निवेदिकेच्या तोंडून ‘मीठ’ आलं, तेव्हा पडद्यावरचा हात साखरेचे चमचे घालत होता. एक, दोन, तीन. दोन्ही पदार्थ पांढरे. गावात व्हिडिओ दाखवला तेव्हा एका अंगणवाडीताईंनी विचारलं, “मीठ सहा चमचे घालायचं का?” प्रमाण आहे लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. याच्या उलट झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेतेल. व्हिडिओ त्याच दिवशी थांबवला आणि रेकॉर्डिंग पुन्हा केलं.

तेव्हापासून मी भाषांतर सुरू करण्याआधी आवाज बंद करून व्हिडिओ बघते आणि हात कोणत्या सेकंदाला कशाला लागतो ते समासात लिहून ठेवते. मिठाचा सेकंद ठरला की त्या सेकंदाला ‘मीठ’ ऐकू आलंच पाहिजे, बाकी शब्द त्याच्या मागेपुढे बसवायचे. मराठीत शब्द हलवायला मोकळीक आहे, ती वापरा. नवीन ओळी अशा झाल्या: ‘स्वच्छ भांड्यात पिण्याचं पाणी घ्या, एक लिटर.’ सोळा अक्षरं. ‘मीठ, अर्धा चहाचा चमचा, सपाट.’ वस्तू आधी, माप नंतर.

काय गाळलं ते बघा. ‘सर्वप्रथम’ गेलं, कारण पहिलं काय ते चित्रात दिसतंच. ‘घेण्यात यावे’चं ‘घ्या’ झालं. ‘सपाट’ मात्र ठेवलं. घाईत काम उरकणारे नवखे नेमका असा शब्द उडवतात, कारण तो छोटा आहे आणि त्याच्याशिवाय वाक्य ऐकायला छान लागतं. ‘निदान’, ‘फक्त’, ‘आधी’, ‘सपाट’ या शब्दांना हात लावायचा नाही. कापायचंच असेल तर ‘च्या माध्यमातून’, ‘या ठिकाणी’, ‘करणे आवश्यक आहे’ कापा, भरपूर जागा मिळते.

वाक्य मावत नाही म्हणून स्टुडिओत आवाजाचा वेग वाढवून घेणं मला अजिबात मान्य नाही. जोडाक्षरं एकमेकांत घुसतात आणि आकडे तर कळतच नाहीत.

आकडे डबिंगच्या स्क्रिप्टमध्ये अक्षरी लिहा. 1.5 लिटर दिसलं की कुणी ‘एक पूर्णांक पाच दशांश’ वाचतं, कुणी ‘वन पॉइंट फाइव्ह’. ‘दीड लिटर’ लिहा. दीड, अडीच, सव्वा, पाऊण हे शब्द आपल्याकडे आहेत आणि ते वेळ वाचवतात.

सबटायटलचा हिशोब वेगळा आहे. बरीच सॉफ्टवेअर काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतात. ‘भांड्यामध्ये’ बोलायला चार अक्षरं, सॉफ्टवेअरच्या लेखी बारा. त्यामुळे ओळीची मर्यादा ओलांडल्याची खूण दिसली की घाबरून अर्थ कापू नका, आधी ‘भांड्यात’ करून बघा, चार चिन्हं तिथेच वाचतात. तरीही बसत नसेल तर काम देणाऱ्याला विचारा की मर्यादा कोणत्या मोजणीनं ठरवली आहे. आणि ‘अर्धा’ वरच्या ओळीत, ‘चमचा’ खालच्या ओळीत असं कधीही तोडू नका.

शेवटची तपासणी मी स्वतः करत नाही. मला वाक्यं पाठ झालेली असतात, त्यामुळे मी नकळत भरभर वाचते. ज्यानं स्क्रिप्ट पाहिलेली नाही अशा कुणाला तरी चित्र समोर ठेवून वाचायला बसवते. तो जिथे श्वास घ्यायला थांबतो आणि चित्र पुढे निघून जातं, त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ ओढते आणि ती ओळ पुन्हा लिहायला घेते.