अंतर्गत बदलीचा रेझ्युमे: ‘साहेब ओळखतात’ म्हणून होणाऱ्या चुका टाळा

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं अंतर्गत भरतीच्या पॅनेलवर बसतो. दरवेळी एखादा चांगला माणूस कागदावर मागे पडतो आणि मला वाईट वाटतं. मध्यंतरी प्रॉडक्शनमधल्या एका इंजिनीअरने क्वालिटीत जागा निघाल्यावर अर्ज केला. तिथले मॅनेजर त्याला चांगले ओळखत होते. पण अर्ज आधी एचआरकडे जातो, मग पॅनेलकडे, आणि पॅनेलवरच्या तिघांपैकी दोघांनी त्याचं काम कधी पाहिलेलं नव्हतं.

त्याच्या रेझ्युमेत एक ओळ होती: ‘लाइन ३ चं रिजेक्शन कमी केलं.’ लाइन ३ म्हणजे काय, हे त्याच्या शिफ्टबाहेर कोणाला कळणार? शिवाय ही ओळ प्रॉडक्शनची झाली. जागेच्या नोटिशीत मूळ कारण शोधणं आणि कंट्रोल प्लॅन हाताळणं असं मागितलं होतं. ते दोन्ही त्याने केलेलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. आम्ही बसून ती ओळ अशी केली: ‘मशिनिंग लाइनवर बोअरचं माप सुटल्याने होणारं रिजेक्शन चार महिन्यांत २.४ वरून ०.९ टक्क्यांवर आणलं. फाइव्ह-व्हाय करून क्लॅम्पिंगमधला दोष शोधला, फिक्स्चर बदललं, कंट्रोल प्लॅनमध्ये तपासणी दोन तासांऐवजी दर तासाला केली.’ ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर मुद्दाम वगळले. रेझ्युमे कंपनीतच राहील याची खात्री नसते.

दुसरी अडचण हुद्द्याची. तो वर्षभर शिफ्ट इन्चार्जचं काम बघत होता, म्हणून त्याने हुद्दाही तोच लिहिला. एचआरच्या नोंदीत तो ज्युनिअर इंजिनीअर होता. अशी तफावत दिसली की अर्ज अडकतो, आणि माणूस खोटं लिहितो असा समज होतो तो वेगळाच. नोंदीतला हुद्दा जसाच्या तसा लिहा. त्याखाली ‘अमुक महिन्यापासून शिफ्टची जबाबदारी, १४ ऑपरेटर’ असं जोडा.

सध्याच्या पदावरचा किमान काळ, शिक्षण, शेवटच्या मूल्यमापनाची श्रेणी या अटी अर्ज भरण्याआधीच एचआरला विचारून घ्या. एखादी अट पुरी होत नसेल, तर सूट देता येते का आणि ती कोण देतं, हेही तेव्हाच विचारा. मॅनेजरच्या तोंडी होकाराने ती आपोआप मिळत नाही. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकासाठी अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण झालं असेल, तर महिना-वर्ष लिहून प्रमाणपत्र जोडा. एचआरच्या फाइलमध्ये ते असेलच असं धरू नका.

कच्चा रेझ्युमे दुसऱ्या खात्यातल्या एखाद्याला वाचायला द्या. तो जिथे ‘म्हणजे नक्की काय केलंस?’ असं विचारेल, ती ओळ पुन्हा लिहायची. आमच्या इंजिनीअरला स्टोअर्समधल्या मित्राने असं पाच ठिकाणी अडवलं.