स्कूलबस अडकली तर ३६ घरांत निरोप कसा पोचवायचा

पावसात बस अडकली की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पडतो, पण ऑफिसात फोन सायलेंटवर असलेल्यांना तो तासाभराने दिसतो. म्हणून फोनची साखळी आधीच ठरवून ठेवा. समजा, समन्वयक पालकाचं घर सोडून बसला ३६ घरं आहेत. बसताईंचा फोन आला की समन्वयक पालकाने चौघांना फोन करायचा, त्या चौघांनी प्रत्येकी दोघांना आणि त्या आठांनी प्रत्येकी तिघांना. एका फोनला मिनिट धरलं, तर नऊएक मिनिटांत सगळीकडे निरोप जातो.

साखळी तुटते ती फोन न उचलणाऱ्यापाशी. दोनदा रिंग देऊनही उचलला नाही, तर त्याच्या खालच्या घरांना आपणच फोन करायचा आणि मग त्या घरातला दुसरा नंबर लावायचा. त्यामुळे यादीत प्रत्येक घराचे दोन नंबर हवेत, आणि वरच्या चौघांत दिवसा फोन उचलणारेच घ्या. आजी-आजोबा इथे हुकमी.

निरोप कागदावर लिहून वाचून दाखवा: “बस पुलाअलीकडे थांबली आहे, मुलं सुखरूप आहेत, तिकडे जाऊ नका.” नाहीतर तिसऱ्या घरी पोचेपर्यंत बस पाण्यात गेलेली असते! आपले फोन झाले की ज्याने कळवलं त्याला “झाले” एवढं उलट कळवायचं.