फरशीच्या नक्षीवरचा आठवीचा गणित प्रकल्प: या चुका टाळा

‘दैनंदिन जीवनातील गणिती आकृतिबंध’ हा विषय मिळाला की बहुतेक फायलींमध्ये पहिल्या पानावर सूर्यफूल, दुसऱ्यावर रांगोळी, तिसऱ्यावर मधाचे पोळे आणि शेवटी फुलांच्या पाकळ्यांची फिबोनाची मालिका असते. जास्वंदीला पाच पाकळ्या असतात हे खरे. पण मोहरीच्या आणि एक्झोराच्या फुलाला चार असतात, आणि चार ही संख्या त्या मालिकेत येत नाही, हे कोणी लिहीत नाही. उदाहरणे निवडून चिकटवली की काहीही सिद्ध केल्यासारखे दिसते. म्हणून मी वर्गात विषय मुद्दाम आखडून देतो: आपल्या सोसायटीच्या आवारातील किंवा शाळेजवळच्या पदपथावरील एकच फरसबंदी घ्यावी आणि हा आकार फट न ठेवता, एकावर एक न चढता का बसतो, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर शोधावे. मागे एकाने यासाठी महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी इमारतीचे छायाचित्र आणले होते. ती सममितीचे चांगले उदाहरण आहे, पण तेथे अष्टकोनाशेजारी अष्टकोन लागलेला नाही. त्यामुळे ती फरसबंदी नव्हे.

विषय असा नेमका केल्यावरही ज्या चुका होतात, त्यांपैकी सर्वांत फसवी चूक छायाचित्रावर कोन मोजण्याची आहे. षटकोनी पेव्हर ब्लॉकच्या पदपथाचे छायाचित्र उभ्या उभ्या, मोबाइल थोडा तिरका धरून काढले जाते, त्याची रंगीत प्रत घेतली जाते आणि तिच्यावर कोनमापक ठेवला जातो. एका विद्यार्थिनीच्या तक्त्यात एका शिरोबिंदूभोवतीचे तीन कोन १०४°, १३१° आणि १२५° असे होते. खाली तिने बेरीज ३६०° लिहून ‘म्हणून आमचे मोजमाप अचूक आहे’ असा निष्कर्ष काढला होता. बेरीज बरोबरच होती. परंतु कोणत्याही बिंदूभोवती पूर्ण फेरी मारली की कोनांची बेरीज ३६०° येणारच, मग छायाचित्र कितीही तिरके असो. षटकोनाच्या सहा आंतरकोनांची बेरीजही तिरक्या चित्रात ७२०° च येते, कारण सरळ कडा तिरक्या चित्रातही सरळच राहतात. म्हणजे ज्या दोन पडताळ्यांवर मुले विसंबतात, त्या दोन्ही या चुकीबाबत आंधळ्या आहेत.

चूक ओळखायची असेल तर एकेक कोन पाहावा लागतो. सुसम बहुभुजाकृतीचा प्रत्येक आंतरकोन (n − 2) × 180° ÷ n असतो; षटकोनासाठी n = 6 घेतल्यास तो १२०° येतो. १०४° आणि १२०° यांतला फरक कोनमापकाच्या एखाद्या अंशाच्या चुकीने भरून निघणारा नाही. उपाय साधा आहे. फरशीवर बटर पेपर पसरावा, मेणखडू आडवा धरून सांध्यांवरून हलक्या हाताने घासावा आणि उमटलेल्या खऱ्या मापाच्या आकृतीवर कोन मोजावेत. फाइलमध्ये छायाचित्र हवेच असेल तर ते काढण्यापूर्वी कंपासपेटीतला गुण्या फरशीवर ठेवावा. छायाचित्रात त्या गुण्याचा काटकोन ९०° दिसत नसेल, तर ते छायाचित्र सजावटीपुरते ठेवावे, मोजण्यासाठी वापरू नये.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे: कोन अगदी बरोबर मोजले जातात, पण बाजू मोजल्याच जात नाहीत. जुन्या इमारतींच्या जिन्यात आणि व्हरांड्यात मोठ्या अष्टकोनी फरशा आणि त्यांच्या मधल्या जागी छोटे काळे चौरस, अशी रचना अजून पाहायला मिळते. मुले अष्टकोनाचा कोन मोजतात, तो १३५° भरतो, मग १३५ + १३५ + ९० = ३६० असे मांडून ‘सुसम अष्टकोन आणि चौरस यांची फरसबंदी’ असे शीर्षक देतात. प्रत्यक्षात ती फरशी बहुधा कोपरे कापलेला चौरस असते. समजा, २० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर ३ सेंटिमीटर अंतर घेऊन तिरका तुकडा कापला. उरलेल्या आकृतीचे आठही कोन १३५° चेच असतील, पण चार बाजू १४ सेंटिमीटरच्या आणि चार बाजू सुमारे ४.२४ सेंटिमीटरच्या असतील. चार फरशा एकत्र आल्यावर मध्ये जो काळा चौरस बसेल, त्याची बाजूही ४.२४ सेंटिमीटर असेल. रचना उत्तम बसते, पण अष्टकोन सुसम नाही. सुसम हवा असेल तर प्रत्येक कोपऱ्यापासून सुमारे ५.८६ सेंटिमीटर कापावे लागेल. तेव्हा आठही बाजू सुमारे ८.२८ सेंटिमीटरच्या होतात. ५.८६ ही संख्या कोठून आली, हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढून दाखवले, तर माझ्या मते प्रकल्पातले ते सर्वांत चांगले पान ठरेल.

आता पुठ्ठ्याच्या तुकड्यांकडे वळू. पुठ्ठा क्षमाशील असतो, आणि तीच अडचण आहे. सुसम पंचकोन, षटकोन आणि सप्तकोन हे तीन आकार एका बिंदूपाशी लावून पाहा. त्यांचे कोन अनुक्रमे १०८°, १२०° आणि सुमारे १२८.५७° आहेत, बेरीज ३५६.५७° होते, म्हणजे साडेतीन अंशांच्या आसपास फट राहायला हवी. बाजू ३ सेंटिमीटरची असेल, तर ही फट बाहेरच्या टोकाशी जेमतेम १.८ मिलिमीटर दिसते. कात्रीची चूक, फेव्हिकॉलने फुगलेली कड आणि ‘बसवून दाखवायचेच’ हा हट्ट, यांत १.८ मिलिमीटर सहज गडप होतात आणि फाइलमध्ये चुकीची फरसबंदी बसल्याची नोंद होते. त्यामुळे क्रम उलटा ठेवावा: आधी सूत्राने बेरीज करावी, ती ३६०° आली तरच कापायला घ्यावे, आणि कापताना बाजू निदान ६ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे एवढी फट साडेतीन मिलिमीटरच्या पुढे जाऊन डोळ्यांना दिसेल.

परंतु बेरीज ३६०° आली म्हणजे काम झाले, असेही नाही. हा मुद्दा चांगल्या फायलींमध्येही सुटतो. दोन सुसम पंचकोन आणि एक सुसम दशकोन घ्या: १०८ + १०८ + १४४ = ३६०. एका बिंदूपाशी तिन्ही आकार तंतोतंत बसतात, छायाचित्रही सुरेख येते. आता जमीन भरत पुढे जाण्याचा प्रयत्न करा. प्रत्येक शिरोबिंदूपाशी दोन पंचकोन आणि एक दशकोन हवा असेल, तर कोणत्याही पंचकोनाच्या प्रत्येक टोकाशी त्याचा एक शेजारी पंचकोन आणि दुसरा दशकोन असला पाहिजे. म्हणजेच त्याच्या बाजूंना क्रमाने पंचकोन, दशकोन, पंचकोन, दशकोन असे आलटून पालटून शेजारी मिळायला हवेत. पण पंचकोनाला बाजू पाच आहेत. चार बाजूंपर्यंत क्रम नीट चालतो. पाचव्या बाजूला पंचकोन लावला तर तो पहिल्या बाजूवरच्या पंचकोनाशेजारी येतो आणि तेथे तीन पंचकोन जमून ३६° ची फट उरते, तर दशकोन लावला तर तो चौथ्या बाजूवरच्या दशकोनाला धडकतो. पाच ही विषम संख्या आहे, एवढ्या एका कारणाने ही रचना अडते. म्हणून ‘बसते’ असे लिहिण्यापूर्वी एका आकाराच्या सर्व बाजूंभोवती पूर्ण वेढा घालून पाहिला पाहिजे.

यापुढची चूक मोजमापाची नसून वाक्यरचनेची आहे. ‘फक्त त्रिकोण, चौरस आणि षटकोन यांचीच फरसबंदी होते’ हे वाक्य जवळपास प्रत्येक फाइलमध्ये असते आणि त्यातून ‘एकाच सुसम बहुभुजाकृतीची, कडेला पूर्ण कड लावून’ ही अट गळालेली असते. अट गळाली की वाक्य चुकीचे होते. घराच्या चित्रासारखा, म्हणजे चौरसावर त्रिकोणी छप्पर असलेला पंचकोन उलटसुलट ओळींत सहज बसतो. फरसबंदी होऊ शकणाऱ्या बहिर्वक्र पंचकोनांचे १५ प्रकार ज्ञात आहेत आणि सोळावा नाही, याची सिद्धता मायकेल राव यांनी २०१७ मध्ये संगणकाच्या मदतीने मांडली. त्या पंधरांपैकी चार प्रकार मार्जोरी राईस या अमेरिकन गृहिणीने १९७० च्या दशकात घरी बसून शोधले होते.

चौकोनाच्या बाबतीत तर अपवादच नाही. कोणताही वेडावाकडा चौकोन, अगदी एक कोपरा आत दबलेला असला तरी, जमीन पूर्ण भरतो. त्याची रीत अशी: चौकोनाच्या एका बाजूचा मध्यबिंदू घ्यावा, त्याभोवती चौकोन १८०° फिरवून आखावा, आणि हेच बाकीच्या बाजूंवर करत जावे. प्रत्येक शिरोबिंदूपाशी चौकोनाचे चारही वेगवेगळे कोन एकेकदा येतात आणि त्यांची बेरीज ३६०° असते. येथे हमखास होणारी गडबड म्हणजे तुकडा फिरवण्याऐवजी पालथा घातला जातो. पालथा घातलेला तुकडा दोन-तीन ठिकाणी जुळल्यासारखा वाटतो आणि मग मध्येच विचित्र फट पडते. मुले ती कापण्याची चूक समजून नवे तुकडे कापत बसतात. कापण्यापूर्वी पुठ्ठ्याची एक बाजू रंगवून घेतली, तर हा घोळ होत नाही: रचनेत कोठेही कोरी बाजू दिसली की तो तुकडा पालथा आहे.

पदपथावरचा नागमोडी कडांचा पेव्हर ब्लॉकही ‘अनियमित आकार, त्यामुळे गणितात बसत नाही’ असे म्हणून सोडून दिला जातो. त्याची नागमोडी कड बटर पेपरवर उतरवून घ्यावी आणि तो कागद न फिरवता सरळ समोरच्या कडेपर्यंत सरकवावा. दोन्ही रेषा जुळल्या, तर एका बाजूला जेवढा भाग बाहेर आला आहे तेवढाच दुसऱ्या बाजूला आत गेला आहे, असे दिसेल. म्हणजे ब्लॉक मूळचा आयतच आहे आणि त्याचे क्षेत्रफळही त्या आयताएवढेच आहे. तोंडी परीक्षेत या ब्लॉकचे क्षेत्रफळ मी हटकून विचारतो, आणि कागद सरकवून पाहिलेल्या मुलाला ते लांबी गुणिले रुंदी करून लगेच सांगता येते.